सूर्य रजेवर, नमस्कार चालू

गगनबावड्यात जून लागला की सूर्य रजेवर जातो. अर्ज देत नाही, बदली माणूस पाठवत नाही आणि परत कधी हजर होणार ते सांगत नाही. मधल्या काळात ढग गावात मुक्कामाला येतात. करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट इथून कोकणात उतरतात. माणसं त्या घाटांनी खाली जातात आणि ढग त्याच घाटांनी वर येतात. दार उघडं दिसलं की घरात शिरतात. टॉवेलने अंग पुसलं तर अंगाचं पाणी टॉवेलला जातं की टॉवेलचं अंगाला, हे इथं पावसाळाभर सांगता येत नाही.

अशा गावात ऐन आषाढात सूर्यनमस्काराचा वर्ग काढायचं ठरलं. कारण साधं होतं. शेतात चिखल, रस्त्यावर धुकं, त्यामुळे चालायला जाणाऱ्यांचं चालणं बंद झालं होतं आणि भजी चालू झाली होती. आम्हा चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींचे शर्ट बटणाच्या जागी ताणायला लागले, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "सर, तुमी योगाचा कोर्स केलाय म्हनं."

केला होता. प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्यापुढे एक चांगला उंच-रुंद उमेदवार उभा होता आणि परीक्षक बसल्या जागेवरून उठले नाहीत, हा माझ्या प्रमाणपत्राचा खरा इतिहास. माझी बोटं आजही जमिनीला टेकण्याआधी तिची परवानगी मागतात. पण गावात प्रमाणपत्र माझ्या एकट्याकडेच होतं, त्यामुळे मला माघार घेता आली नाही.

पहिल्या दिवशी एका रिकाम्या सभागृहात पंधरा-वीस जण जमले. कोणी चटई आणली, कोणी घोंगडं आणलं, बँकेतल्या साहेबांनी सोबत खुर्ची आणली. मी म्हणालो, "पूर्वेकडे तोंड करून उभे राहा."

सगळे चार दिशांना तोंड करून उभे राहिले. बाहेर सगळीकडे सारखाच पांढरा काळोख. कोणी म्हणे देवळाकडे पूर्व, कोणी म्हणे दुकानाकडे. मोबाइलमधल्या होकायंत्रावर दोघांच्या दोन पूर्वा निघाल्या. शेवटी एसटीचे निवृत्त कंडक्टर म्हणाले, "कोल्हापूरची गाडी जिकडं तोंड करून जाते तिकडं पूर्व. बत्तीस वर्षं सकाळी डोळ्यावर ऊन घेऊन गेलोय." या पुराव्यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे 'पूर्व' म्हणत नाहीत, 'कोल्हापूर बाजू' म्हणतात.

आता दुसरी अडचण. मी बारा अंक शिकून आलो होतो. पहिल्या रांगेत आबा उभे होते. तरुणपणी तालमीत लाल मातीत लोळलेला माणूस, वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांना शाळेत सूर्यनमस्कार दहा अंकांत शिकवले होते. यात आबांचं काही चुकलं नव्हतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा आपल्या संस्थानातल्या शाळांमधून जो प्रसार केला, तो दहाच अंकांचा होता. 1938 साली लंडनमध्ये त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याच्या नावातच दहाचा आकडा आहे. दहाच्या पद्धतीत नमस्कार करून उभं राहायचं की थेट खाली वाकायचं. बाराच्या पद्धतीत वाकण्याआधी हात वर नेऊन थोडं मागं रेलायचं, आणि शेवटी उभं राहताना पुन्हा तेच. फरक एवढाच. कागदावर तो किरकोळ वाटतो. पण मी "दहा!" म्हणालो तेव्हा आबा आणि त्यांचे अनुयायी ताठ उभे राहिले आणि माझे बारावाले ओणवे झाले. दोन्ही पक्ष एकाच घोंगड्यावर होते. साहेबांचा चष्मा आबांच्या कोपराला लागून खुर्चीखाली गेला.

"मास्तर, दोन जास्तीचे कशाला?" आबा म्हणाले.

"आबा, हात वर नेले की छाती उघडते, श्वास पुरता आत जातो. मग वाकताना सोडायला काहीतरी शिल्लक राहतं."

आबांनी विचार केला. "म्हंजे आधी भरायचं, मग ओतायचं. चालतंय."

तडजोड झाली आणि बारा अंक मंजूर झाले. पण आबांचं एक वेगळंच दुखणं होतं. जोर मारायची जन्माची सवय. जोरात माणूस हातापायावर ओणवा होतो, छाती जमिनीला घासत पुढे नेतो, वर काढतो आणि पुन्हा कंबर उचलून मागे येतो. सूर्यनमस्काराचा सहावा, सातवा आणि आठवा अंक म्हणजे जवळपास हेच. आबा सहाव्या अंकाला पोचले की शरीर आपोआप तालमीत जायचं आणि सपासप जोर सुरू. आम्ही पहिला नमस्कार पुरा करून उभे राहायचो तेव्हा आबा जमिनीलगत तिसाव्या जोरावर असायचे. त्यांना उभं करायला दोघं जण लागायचे.

तिसरी अडचण हवामानाची. खिडक्या बंद केल्या तर आत कोंदट, उघडल्या तर ढग आत. पाचव्या मिनिटाला मागची रांग धुक्यात गेली. पुढचीही कमरेपासून वर दिसेनाशी झाली. आता शिक्षकाने काय बघायचं? मी काही बघायचं सोडलं आणि ऐकायला लागलो. माझ्या अध्यापनात जी काही थोडीफार प्रगती झाली ती या धुक्यामुळे. कारण ताठ माणसाचं काय बिघडतंय ते डोळ्यांच्या आधी कानाला कळतं.

उदाहरणार्थ, "हुप्प!" असा आवाज आला की समजावं, कोणीतरी श्वास कोंडला. हे नवशिक्यांचं पहिलं आणि सर्वांत मोठं दुखणं. ताठ माणसाला वाकायला सांगा. तो आधी दात आवळतो, मग श्वास आवळतो, मग खाली जायचा प्रयत्न करतो. छातीत हवा, पोट टम्म, त्यावर घडी घालायची म्हटल्यावर ती पडणार कशी? तो अर्ध्यात अडकतो, चेहरा लाल होतो, आणि शेवटी सगळी हवा एकदम "हुश्श" करून बाहेर येते. या "हुश्श"ला आमच्याकडे लोक समाधान समजत. ती सुटका होती.

नियम असा की अंग उघडलं की श्वास आत, अंग दुमडलं की श्वास बाहेर. एवढं लक्षात ठेवलं तर बारा अंकांचं कोष्टक पाठ करावं लागत नाही. हात वर, श्वास आत. खाली वाकलं, बाहेर. एक पाय मागे नेऊन छाती वर काढली, आत. दुसरा पाय मागे, बाहेर. सहाव्यात जमिनीला टेकताना उरलासुरला बाहेर. भुजंगासनात छाती वर, आत. पर्वतासनात कंबर वर आणि पोट आत, श्वास बाहेर. परतीच्या वाटेवर हेच चालू.

पण नियम कळणं वेगळं आणि फुप्फुसाला तो मान्य असणं वेगळं. म्हणून मोजायची युक्ती काढली. श्वास सोडताना प्रत्येकाने मोठ्याने मोजायचं, "एक, दोन, तीन." बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. घेताना बोलता येत नाही म्हणून तेव्हा मी मोजायचं. घ्यायला तीन, सोडायला तीन.

इथे कंडक्टरांनी सूत्रं हातात घेतली. "सर, तुमचा आवाज मागं येत न्हाई. मी घंटी आणतो." दुसऱ्या दिवशी खरोखर दोरी बांधलेली घंटी आली. एक ठोका म्हणजे थांबा, श्वास घ्या-सोडा. दोन ठोके म्हणजे चला, पुढच्या अंकाला जा. सुरुवातीच्या लोकांसाठी हे फार सोयीचं निघालं, कारण नवख्याला एका श्वासात एक अंक झेपत नाही. त्याने अंकाला पोचावं, तिथेच एक जास्तीचा श्वास घ्यावा-सोडावा आणि मग पुढे निघावं. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबणार. घाई असलेल्यांनी दुसरी गाडी बघावी.

घाई सगळ्यांनाच होती. कारण आमच्या मनात सूर्यनमस्कार म्हणजे मैदान, भोंगा आणि "एक! दोन! तीन!" अशी आरोळी. सेकंदाला एक अंक. बारा सेकंदांत नमस्कार संपला. त्यात श्वास बसवायचा तर एक सेकंद घ्यायचा, एक सेकंद सोडायचा, म्हणजे मिनिटाला तीस श्वास झाले. याला मराठीत धापा टाकणं म्हणतात, आणि ते करायला सूर्याची गरज नाही, एसटी सुटत असली तरी पुरते. तीन-तीनच्या मोजणीने अंकाला तीन सेकंद, बारा अंकांना छत्तीस सेकंद. थांबे घेतले तर आणखी बराच वेळ. हा हिशेब मांडला तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, "म्हणजे रोजच्या पन्नास नमस्कारांना अर्धा तास जाणार!" तोवर त्यांचे तीनसुद्धा धड झालेले नव्हते. पण माणूस पन्नासाचा हिशेब आधी करतो.

आता तिसरा अंक. वाकून हात जमिनीला. ज्या लोकांनी गेल्या कित्येक वर्षांत जमिनीवरची वस्तू नातवाकडून उचलून घेतली, त्यांना हे सांगणं म्हणजे अन्यायच. हात गुडघ्याशी थांबतात, मग माणूस गुडघे ताठ ठेवून पाठीला कुबड काढतो आणि मान खाली टाकून हात लांब झाले असं स्वतःला पटवतो. दोष मांडीच्या मागच्या शिरांचा. त्या आखडलेल्या असल्या की कंबर पुढे झुकू देत नाहीत, आणि मग सगळा भार पाठीच्या मणक्यांवर येतो. ओळखायची खूण सोपी आहे. मांडीच्या मागे ताण आला तर ठीक. कंबरेत कळ आली तर वर या.

उपाय असा की गुडघे खुशाल वाकवा. इतके वाकवा की पोट मांडीला टेकेल. मग पोट न सोडता गुडघे जेवढे सरळ होतील तेवढे करा आणि हातांखाली जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या. जमीन तुमच्याकडे येत नसेल तर पाटाच्या उंचीएवढी ती वर आणा.

मी एक पाट समोर ठेवला. कोणी हात लावला नाही. ग्रामसेवक म्हणाले, "काकूंना द्या." काकू म्हणाल्या, "मला कशाला? साहेबांना द्या." साहेब म्हणाले, "माझं होतंय तसं, आज जरा पँट घट्ट आहे." पाट सभागृहभर फिरून माझ्यापाशी परत आला. उरलेला आठवडा सगळे आपापल्या गुडघ्यांना हात लावून जमीन गाठल्याचा चेहरा करत राहिले, आणि धुकं त्यांना सामील होतं.

मग एके दिवशी आबांनीच विचारलं, "त्यो पाट कुठाय?" जोर कितीही येवोत, उभ्याने वाकायचं म्हटलं की आबांची कंबर कुरकुर करायची. त्यांनी पाट घेतला, गुडघे वाकवले, पंजे टेकवले, आणि "एक, दोन, तीन" असा मोकळा खणखणीत श्वास सोडला. सभागृहात शांतता. जुन्या पैलवानाला पाट चालतो तर आपल्याला न चालायला काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या काखेत पाट. ज्यांच्या घरी एकच होता त्यांच्या घरात देव खाली बसले. ग्रामसेवकांनी दोन आणले आणि एकावर एक ठेवले. उंची कमी पडू नये म्हणून.

चौथ्या अंकावर फार वेळ घालवत नाही. मागे नेलेल्या पायाचा गुडघा खाली टेकवावा, त्याखाली घोंगड्याची घडी घ्यावी, पुढचा गुडघा घोट्याच्या पुढे जाऊ देऊ नये. आणि एका नमस्कारात उजवा पाय मागे नेला असेल तर पुढच्यात डावा न्यावा. आमच्याकडे उजवा-डावा हा प्रश्न बरेच दिवस चालला, कारण मी समोर तोंड करून दाखवायचो आणि माझा उजवा त्यांच्या डावीकडे यायचा. शेवटी 'दाराकडचा पाय' आणि 'खिडकीकडचा पाय' असं ठरलं.

सहावा अंक साष्टांग. पावलं दोन, गुडघे दोन, पंजे दोन, छाती आणि कपाळ अशी आठ अंगं जमिनीला लागायची, आणि पोट व कंबर वर राहायची. आमच्या वर्गात नववं अंग सर्वांत आधी टेकायचं. "थप्प" आवाज आला की मी समजायचो, कोणाचं तरी पोट पोचलं, बाकीचे यायचे आहेत. यावर युक्ती अशी की आधी गुडघे टेकवा, मग कोपरं फासळ्यांजवळ ठेवून छाती हळूहळू खाली सोडा. हात लटपटत असतील तर छाती पूर्ण खाली नेऊ नका, अर्ध्यातच थांबा. जुन्या शिस्तीत इथे श्वास बाहेर सोडून क्षणभर रोखायचा असतो. रक्तदाब असलेल्यांनी आणि नवख्यांनी तो रोखू नये, सोडत राहावं.

सातवं भुजंगासन. इथे प्रत्येकाला आपण नाग आहोत असं वाटतं. हात ताठ, मान मागे, खांदे कानाला चिकटलेले, कंबरेत दुमड. कंडक्टर वर आले की त्यांचे खांदे कानावरच्या मफलरला लागत. खरा प्रकार बुटका असतो. बेंबी जमिनीला, कोपरं वाकलेली, खांदे कानापासून लांब. हे नीट जमतंय का, हे पाहायचं असेल तर वर आल्यावर क्षणभर पंजे जमिनीपासून उचलायचे. छाती होती तिथेच राहिली तर पाठ काम करतेय. धपकन खाली आली तर सगळा कारभार हातांवर चालला होता. ही परीक्षा मी वर्गात घेतली. आबा सोडून सगळे एका सुरात खाली आले. मीही आलो, पण मी समोर असल्यामुळे ते प्रात्यक्षिक धरलं गेलं.

आता नववा अंक. माझं म्हणणं असं की सूर्यनमस्कार सुटतो तो इथे. पर्वतासनात कंबर वर, हात-पाय जमिनीला. इथून एक पाऊल उचलून थेट दोन पंजांच्या मध्ये ठेवायचं. चित्रात तो तरुण किती सहज ठेवतो! कंडक्टरांचं पाऊल निघायचं आणि वाटेतच उतरायचं. कधी पंज्याच्या दीड हात मागे, कधी बाजूला, एकदा तर शेजारच्या ग्रामसेवकांच्या पाटावर. पाऊल पोचलं नाही की ते पंजेच मागे सरकवून घ्यायचे. गाडी थांब्यापर्यंत जात नसेल तर थांबा गाडीपाशी आणायचा.

"कंडक्टर, पंजे एकदा टेकले की हलवायचे नाहीत."

"मग पाय कसा यायचा? मधी पोट हाय."

माणसाने अडचण अचूक सांगितली होती. पाऊल पुढे येताना मांडी पोटाकडे येते. पोट हवेने भरलेलं असेल तर मांडीला जागाच नाही. आणि पुस्तकात नवव्याला श्वास घ्यायचा असं लिहिलंय, म्हणून कंडक्टर इमानेइतबारे छातीभर श्वास घेऊन मग पाय उचलत होते. गाडी गच्च भरल्यावर आणखी एका प्रवाशाला चढवत होते.

मी सांगितलं, "पाय आणा श्वास सोडता सोडता. तीन मोजेपर्यंत पोट आत गेलं पाहिजे. पाय जमिनीला लागला, मागचा गुडघा टेकला, की मग श्वास घेत छाती वर काढा. पुस्तकातला श्वास तुम्ही घेताय, फक्त पाय पोचल्यावर घेताय."

कंडक्टरांनी घंटी बाजूला ठेवली. पर्वतासनातून पहिल्या खेपेला पाऊल पोटऱ्यांपर्यंत आलं. मग कंबर आणखी थोडी वर उचलली आणि टाचा सोडून दिल्या, कारण टाचा जमिनीला टेकल्याच पाहिजेत असा कायदा नाही. पंज्यांखाली पाट घेतले, तर पोटाखाली चार बोटं जागा वाढली. पाऊल पाटाच्या थोडं मागे थांबलं. मग त्या बाजूच्या हाताने आपलाच घोटा धरला आणि उरलेलं अंतर त्याला हातानेच पुढे आणून ठेवलं. जमलं. त्यांनी वर बघून श्वास घेतला आणि म्हणाले, "पाय बसला! जागेवर बसला!"

हाताने घोटा उचलणं म्हणजे फसवणूक नाही का, असं ग्रामसेवकांनी विचारलं. नाही. पाऊल दोन टप्प्यांत आणणंही चालतं. पाऊल लांब ठेवून जोरात उसळी मारून पंजांमध्ये आदळणं मात्र चालत नाही. त्यात जांघेला आणि गुडघ्याला धक्का बसतो. आणि असं आदळणं धुक्यातही लपत नाही, कारण त्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो.

काकूंचा प्रश्न वेगळा. त्यांना रक्तदाब, गोळी चालू. खाली वाकून डोकं हृदयाच्या खाली नेणं त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू द्यायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. त्यांच्यासाठी भिंतीवरचा नमस्कार काढला. भिंतीपासून एक-दीड हात लांब उभं राहायचं. हात वर, श्वास आत. पंजे कंबरेच्या उंचीला भिंतीला टेकवून मागे सरकत पाठ सपाट करायची, श्वास बाहेर. म्हणजे हेच पर्वतासन, फक्त भिंतीवर चढवलेलं. मग एक पाय मागे. मग कोपरं वाकवून छाती भिंतीकडे, मग छाती वर. डोकं हृदयाच्या खाली जातच नाही. काकूंनी ते इतकं झोकात केलं की दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी जागेसाठी भांडणं. ज्यांचा रक्तदाब नाही त्यांनाही अचानक तो असल्यासारखं वाटू लागलं.

साहेबांनी मात्र खुर्ची सोडली नाही. "मी बसूनच करतो," म्हणाले. तेही होतं. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं, हात वर नेत श्वास घ्यायचा, सोडत मांडीवर पोट टेकवून पुढे झुकायचं, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी ओढायचा, मग दुसरा. साहेबांनी हे केलं, पण मध्येच चहा मागवला.

बारा नावांचं काय, असं कोणीतरी शेवटी विचारलंच. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर. प्रत्येक नमस्काराआधी एक नाव. मी सांगितलं, आधी तीन नावं पुरेत. तीन नमस्कार, घंटीवर, थांबे घेत. श्वास न कोंडता तिन्ही झाले, आणि झाल्याबरोबर एक सबंध वाक्य न धापता बोलता आलं, तर पुढच्या आठवड्यात चौथं नाव. ग्रामसेवक हिरण्यगर्भापर्यंत पोचायला फार अधीर झाले होते. तीन नावांवरच त्यांना "उद्या येतो" एवढं वाक्य दोन हप्त्यांत बोलावं लागलं, तेव्हा थांबले.

एक दिवस पाऊस थांबला, ढग फाटले आणि दहा मिनिटं खरोखरचं ऊन सभागृहात आलं. सगळे नमस्कार सोडून आपापले टॉवेल, चटया आणि घोंगडी वाळत घालायला पळाले. सूर्याला नमस्कार घालायला आबा एकटे उरले. तेही जोर मारत होते.

तेव्हा वाचकहो, उद्या सकाळी सुरू करणार असाल तर तीन गोष्टी करा. पोट रिकामं ठेवा, म्हणजे रात्रीचा रस्सा जिरून चार तास तरी झालेले असावेत. हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, किंवा कंबरेची गादी सरकलेली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग मला. आणि श्वास मोजायला नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बसवू नये. तीन आकड्यांच्या आत जुने हिशेब निघतात, आणि मग श्वास कोंडायचाच असतो.